जाफना जिंकले, युद्ध हरले!
गनिमी युद्धापुढे मोठी सैन्ये का थकतात? श्रीलंकेतील दोन मोहिमांचा धडा

- विशेष प्रतिनिधी

११ ऑक्टोबर १९८७ ची मध्यरात्र. उत्तर श्रीलंकेतील जाफना विद्यापीठाच्या आवारात भारतीय हवाई दलाची एमआय-८ हेलिकॉप्टरे उतरू लागली. तमिळ वाघांचे, म्हणजे एलटीटीईचे, प्रमुख नेते त्याच परिसरात असल्याची खबर होती. पॅरा कमांडोंनी आवारात शिरून त्यांना पकडायचे आणि १३ सिख लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी उतरण्याची जागा ताब्यात ठेवायची, अशी योजना होती. एका रात्रीत नेतृत्वच हाती आले, तर युद्ध सुरू होण्यापूर्वीच संपेल, असा हिशेब त्यामागे होता.

प्रत्यक्षात वाघ आधीच दबा धरून बसले होते. भारतीय सैन्याचे बिनतारी संदेश ऐकून त्यांनी या बेताचा सुगावा लावला होता. पहिल्या फेऱ्यांतच हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. सिख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान मैदानात एकटे पडले. दुसऱ्या दिवशी दारूगोळा संपेपर्यंत ते लढत राहिले आणि त्यांपैकी २९ जण धारातीर्थी पडले. एक जिवंत पकडला गेला. कमांडोंची सुटका करण्यासाठी रणगाडे पाठवावे लागले. एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन तोवर निसटला होता.

त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत भारतीय शांतिसेनेने जाफना शहर ताब्यात घेतले. नकाशावर हा विजयच होता. पण पुढची अडीच वर्षे त्या विजयाची किंमत चुकवण्यात गेली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा साडेअकराशेहून अधिक भारतीय सैनिकांनी प्राण गमावले होते आणि वाघ आपल्या जागी कायम होते. त्याच वाघांचा मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने समूळ पराभव केला. शत्रू तोच, भूमी तीच. मग एका सैन्याला अपयश आणि दुसऱ्याला यश का आले? गनिमी युद्ध कसे चालते आणि ते मोडून काढणे इतके अवघड का असते, याचे उत्तर या दोन मोहिमा शेजारी ठेवल्या की बऱ्याच अंशी सापडते.

न हरणे हाच विजय

महाराष्ट्राला या युद्धतंत्राची ओळख करून देण्याची गरज नाही. 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगलांच्या लेखी मराठे हे गनीम होते आणि त्यांचा कावा तो गनिमी कावा. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये इथेच मरण पावला. त्याने किल्ल्यांमागून किल्ले घेतले, पण संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा त्याच्या रसदेवर आणि छावण्यांवर तुटून पडत राहिल्या. बादशहाची पाठ वळताच अनेक किल्ले पुन्हा मराठ्यांकडे गेले.

या तंत्राचे गणित साधे आहे. नियमित सैन्याला जिंकावे लागते. गनिमाला फक्त शिल्लक राहावे लागते. सैन्याला रस्ते, पूल, ठाणी, शहरे आणि लोक या सर्वांचे रक्षण सदासर्वकाळ करावे लागते. गनिमाकडे राखण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे लढाई कुठे, केव्हा आणि किती वेळ करायची हे तोच ठरवतो. समोरची तुकडी मोठी असेल तर तो बाजूला होतो. लहान असेल तर घाला घालून नाहीसा होतो.

जाफन्यात नेमके हेच घडले. शहराच्या वेशीवर वाघांनी कडवा प्रतिकार केला, परंतु तो शहर टिकवण्यासाठी नव्हता. सैन्याची जास्तीत जास्त हानी करायची आणि आपली मुख्य फळी बाहेर काढायची, एवढाच हेतू होता. शहर पडले तेव्हा नेतृत्व आणि बरेचसे लढवय्ये वन्नीच्या जंगलात आणि मुल्लैतीवूच्या अरण्यात पोहोचले होते. शांतिसेनेच्या हाती शहर आले, आणि त्याबरोबर शहराचे रक्षण करण्याची जबाबदारीही आली.

फौज कुठे जिरते?

जाफन्यानंतर शांतिसेना वाढत गेली. चार डिव्हिजन आणि किमान ७० हजार सैनिक एवढा तिचा पसारा झाला. समोर होते काही हजार वाघ. अशा वेळी वृत्तपत्र वाचणाऱ्याला स्वाभाविक प्रश्न पडतो, की एवढी फौज असून मूठभर बंडखोर हाती का लागत नाहीत?

याचे उत्तर एका बटालियनच्या दिनक्रमात आहे. समजा, एका बटालियनची कागदावरची संख्या ८०० आहे. तिला एक तालुकावजा मुलूख सांभाळायला दिला. त्यात पाच ठाणी उभारली, तर प्रत्येक ठाण्याच्या रात्रंदिवस पहाऱ्यालाच किमान ५० जण लागतील; म्हणजे २५० गेले. स्वयंपाक, वाहने, बिनतारी यंत्रणा, दवाखाना, भांडार आणि कचेरी यांत दीडशे-दोनशे जातात. काही रजेवर, काही आजारी, काही जखमी असतात. या ठाण्यांना शिधा आणि पाणी पोहोचवायचे तर रोज सकाळी रस्ता तपासावा लागतो. सैन्यात या तुकडीला 'रोड ओपनिंग पार्टी' म्हणतात. तिच्यात आणखी शंभर जण अडकतात. शेवटी शत्रूच्या मागावर जंगलात जायला दीडशे जण उरले तरी पुष्कळ. त्यातही निम्मे विश्रांती घेत असतात, कारण तीन-चार दिवसांची गस्त आटोपून आलेला जवान लगेच दुसऱ्या गस्तीवर जाऊ शकत नाही. आठशेंतले पाऊणशे जण, आणि त्यांच्यासमोर शेकडो चौरस किलोमीटरचे रान! हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रमाण साधारण असेच असते. म्हणूनच बंडखोरांच्या दसपट सैन्य लागते, असा एक जुना ठोकताळा सांगितला जातो.

गनीम हे गणित जाणून असतो आणि ते आणखी बिघडवण्याचे काम त्याचे भूसुरुंग करतात. एलटीटीईने सुरुंगांचे शास्त्रच बनवले होते. रस्त्याखालच्या मोऱ्यांत आणि डांबराखाली मोठ्या प्रमाणात स्फोटके पुरली जात. लांबून तार ओढून, गाडी नेमकी वर आली की स्फोट केला जाई. स्फोटके प्लास्टिकच्या डब्यांत भरलेली असल्याने धातू शोधणाऱ्या यंत्रांचा उपयोग होत नसे. अशा एका स्फोटात जवान तर मरतातच, पण खरा परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसतो. गाड्यांऐवजी पायी जावे लागते, दहा किलोमीटरच्या वाटेला अख्खा दिवस लागतो आणि रस्ता राखण्यासाठी आणखी माणसे काढावी लागतात. म्हणजेच शत्रूच्या मागावर जाणारी आणखी कमी होतात.

माहिती कोणाकडे जाते?

मात्र, संख्येपेक्षा मोठा प्रश्न माहितीचा असतो. गनिमी युद्धात गोळीबार काही मिनिटांचा असतो. उरलेला सगळा काळ 'तो कुठे आहे' हे शोधण्यात जातो. गनिमाला सैन्य कुठे आहे हे सहज कळते. ते गणवेशात असते, ठाण्यात राहते, गाड्यांतून जाते. सैन्याला गनीम ओळखता येत नाही. तो लुंगी नेसून सायकलवरून शेजारून जात असतो. तो कोण आहे हे गावाला ठाऊक असते. प्रश्न एवढाच, की गाव कोणाला सांगणार?

शांतिसेनेला ही अडचण दुप्पट जाणवली. बहुसंख्य जवानांना तमिळ येत नव्हते. १९८३ नंतर भारतानेच तमिळ गटांना प्रशिक्षण दिलेले असल्याने भारतीय सैन्य कसे विचार करते, याचा अंदाज वाघांना होता. शांतिसेना आली ती २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात झालेल्या कराराची अंमलबजावणी करायला. तमिळांचे रक्षण आणि वाघांचे निःशस्त्रीकरण अशी दोन्ही कामे तिच्यावर होती. एलटीटीईने त्या करारावर सही केलेलीच नव्हती. ऑगस्टमध्ये थोडी शस्त्रे खाली ठेवल्याचा देखावा झाला आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटले. ज्या जाफन्याने जवानांचे हार घालून स्वागत केले होते, त्याच जाफन्यात घराघरांवर तोफगोळे पडू लागले.

या टप्प्यावर गनिमाचा दुसरा डाव सुरू होतो. तो नागरी वस्तीतून गोळीबार करतो आणि निघून जातो. चिडलेले सैन्य त्या वस्तीवर प्रतिहल्ला करते. मरतात ते सामान्य लोक. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि कर्मचारी मिळून सुमारे ७० जणांचा बळी गेला. रुग्णालयातून गोळीबार झाला आणि दुतर्फा चकमकीत हे लोक सापडले, अशी सैन्याची बाजू होती. बचावलेल्यांनी मात्र सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्याचे सांगितले. ज्याचा भाऊ अशा प्रकारे गेला, तो सैन्याला खबर द्यायला येईल, ही अपेक्षा कोण करणार? प्रत्येक झडतीतून, प्रत्येक चुकीच्या अटकेतून गनिमाला नवे लढवय्ये मिळतात. मारलेल्या बंडखोरांचा आकडा वाढत असताना त्यांची संख्या घटत का नाही, या कोड्याचे उत्तर इथे आहे.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. लोक केवळ प्रेमापोटी गनिमाला साथ देतात असे नाही. एलटीटीईने तमिळांमधील प्रतिस्पर्धी संघटना हिंसेच्या जोरावर संपवल्या होत्या आणि खबऱ्या ठरवलेल्याला ती क्षमा करत नसे. जवान दुपारी गावात येतो आणि संध्याकाळी ठाण्यात परततो. रात्री गावात येतो तो गनीम. सैन्य कधीतरी जाणार आहे, वाघ मात्र इथेच राहणार आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस मनात काहीही असले तरी गप्प राहतो. दहशत आणि आपुलकी यांची सरमिसळ इतकी असते की बाहेरच्याला ती वेगळी करता येत नाही.

रणांगणाबाहेरचा पराभव

शांतिसेनेचे जवान शिकत नव्हते असे नाही. १९८८ पर्यंत त्यांनी छोट्या गस्ती आणि रात्रीचे सापळे यांवर भर दिला आणि जंगलात वाघांची चांगलीच कोंडी केली. नोव्हेंबर १९८८ मध्ये ईशान्य प्रांतात निवडणूक घेण्यात आली आणि ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. पण या सरकारला लोकांमध्ये मुळे नव्हती. त्याच्या संरक्षणासाठी तरुणांची सक्तीने भरती करून जे दल उभारले गेले, ते भारतीय सैन्याची पाठ वळताच कोसळले.

निर्णायक घाव बसला तो कोलंबोत. दक्षिणेतील सिंहली समाजात भारतीय सैन्याविरुद्ध संताप होता आणि जेव्हीपीच्या बंडाने त्याला धार आली होती. डिसेंबर १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले प्रेमदासा शांतिसेनेला बाहेर काढण्याच्या आश्वासनावरच आले होते. १९८९ मध्ये त्यांनी एलटीटीईशी बोलणी सुरू केली. इतकेच नव्हे, तर शांतिसेनेशी लढण्यासाठी वाघांना गुप्तपणे शस्त्रेही पुरवली. ज्या सरकारच्या विनंतीवरून सैन्य गेले, तेच सरकार शत्रूला शस्त्रे देऊ लागले! वर्षअखेर दिल्लीतही सत्ताबदल झाला आणि व्ही. पी. सिंग सरकारने माघारीचा निर्णय पूर्णत्वाला नेला.

वाघांनी शांतिसेनेचा रणांगणात पराभव केला नाही. तिचे तिथे असणे राजकीयदृष्ट्या असह्य होईपर्यंत ते टिकून राहिले. परक्या भूमीत लढणाऱ्या प्रत्येक सैन्याची ही मूळ दुबळी बाजू असते. त्याला परतायला घर असते, आणि ते केव्हा परतणार हे त्याच्या घरचे राजकारण ठरवते. व्हिएतनाममधून १९७३ मध्ये अमेरिका याच रीतीने बाहेर पडली आणि २०२१ मध्ये अफगाणिस्तानातूनही.

मग २००९ मध्ये काय बदलले?

श्रीलंकेच्या सैन्यालाही दीर्घकाळ अपयशच आले. जुलै १९९६ मध्ये मुल्लैतीवूचा तळ वाघांनी उद्ध्वस्त केला, त्यात हजाराहून अधिक सैनिक मारले गेले. एप्रिल २००० मध्ये एलिफंट पासचा मोठा लष्करी तळ पडला. पण या विजयांनीच वाघांचे रूप बदलले. २००२ च्या युद्धबंदीनंतर किलिनोच्चीत त्यांचे जणू राज्यच उभे राहिले. न्यायालये, पोलीस, बँक, करवसुली, आरमार आणि पुढे छोटी विमानेही आली. ज्याच्याकडे राखण्यासारखे काही नव्हते, त्याच्याकडे आता राजधानी आणि सरहद्द होती. आघाडीची रेषा आखून, खंदक खणून तो लढू लागला. गनिमाने नियमित सैन्याचे रूप घेतले, आणि नियमित युद्धात अखेर संख्या व तोफखानाच भारी पडतो.

त्याच काळात वाघांच्या जीवनवाहिन्या एकेक करून तुटल्या. मार्च २००४ मध्ये पूर्वेचा सेनापती करुणा फुटला. त्याच्याबरोबर पूर्व प्रांतातील मनुष्यबळ गेलेच, शिवाय संघटनेची आतली माहिती सरकारला मिळाली. २००६ मध्ये कॅनडा आणि युरोपीय संघाने बंदी घातल्याने परदेशस्थ तमिळांकडून येणाऱ्या पैशाचे मार्ग आवळले गेले. श्रीलंकेच्या नौदलाने खोल समुद्रात जाऊन वाघांची शस्त्रवाहू जहाजे बुडवली. भारताचे दार तर १९९१ मधील राजीव गांधींच्या हत्येनंतर बंदच झाले होते. जमिनीवर सरथ फोन्सेका यांच्या सैन्याने आठ-आठ जणांच्या प्रशिक्षित तुकड्या शत्रूच्या मुलखात खोलवर पाठवून गनिमाचेच तंत्र त्याच्यावर उलटवले. आणि कोलंबोतील सरकारने युद्ध अखेरपर्यंत नेण्याचा निर्धार केला होता. ते सैन्य आपल्याच देशात होते, त्यामुळे त्याला परत जायला दुसरे घर नव्हते.

२ जानेवारी २००९ रोजी किलिनोच्ची पडले आणि मे महिन्यात मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावरील चिंचोळ्या पट्टीत प्रभाकरन मारला गेला. मात्र त्या पट्टीत लाखो सामान्य तमिळही कोंडले गेले होते. वाघ त्यांना बाहेर पडू देत नव्हते आणि सैन्याचे तोफगोळे थांबत नव्हते. अखेरच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. श्रीलंका सरकारने हा आकडा अमान्य केला. आकडा कोणताही धरला, तरी हा विजय इतर देशांनी गिरवावा असा कित्ता ठरत नाही. ज्या राजकीय प्रश्नातून युद्ध जन्मले, तो तमिळांच्या हक्कांचा आणि प्रांतिक अधिकारांचा प्रश्नही त्या विजयाने सुटला नाही.

कसोटी कोणती?

अशा मोहिमांचे यशापयश ठार झालेल्या बंडखोरांच्या आकड्यावर मोजण्याची सवय सरकारांना असते, कारण तो आकडा चटकन मिळतो. खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. गावातून न मागता खबर येते का? सरकारी कर्मचारी रात्री गावात मुक्काम करतो की अंधार पडण्याआधी तालुक्याला परततो? रस्ता तपासल्याशिवाय एकटी गाडी जाऊ शकते का? पकडलेल्यांपेक्षा स्वतःहून शस्त्र टाकणाऱ्यांची संख्या वाढते आहे का?

हे प्रश्न महाराष्ट्रालाही परके नाहीत. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी सुरुंगाने गाडी उडवली. त्यात १५ पोलीस आणि चालक मृत्युमुखी पडले. वन्नीच्या रस्त्यावरचीच ही कथा होती. पण त्याच जिल्ह्यात 'सी-६०' हे स्थानिक तरुणांचे पथक आहे. रानवाटा आणि गोंडी-माडिया भाषा जाणणारा हा जवान शांतिसेनेच्या जवानाप्रमाणे परका नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तिथवर पोहोचायला राज्याला चार दशकांहून अधिक काळ लागला, हेही लक्षात ठेवायला हवे.

बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत सैन्य वेळ मिळवून देऊ शकते. त्या वेळात शासनाने काय उभे केले, यावर निकाल ठरतो. जाफन्यात भारतीय जवानांनी तो वेळ प्राण देऊन मिळवला होता. त्या वेळात उभे राहिले ते मुळे नसलेले एक प्रांतिक सरकार आणि सक्तीच्या भरतीचे एक दल. शेवटचे जहाज किनारा सोडत असतानाच दोन्ही कोसळत होती.